निरोप घेणारांनी निरोप ठेवावा

मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दात दोन गोष्टी सामावल्या आहेत. निघणारा माणूस निरोप घेतो, आणि निघताना कोणासाठी तरी निरोप ठेवूनही जातो. पहिला निरोप म्हणजे रजा. दुसरा म्हणजे सांगावा. आमच्या भंडारा जिल्ह्यातली सासुरवाशीण माहेराहून निघते तेव्हा दोन्ही निरोप एकाच दमात होतात. डोळे पुसता पुसता ती भावजयीला सांगत असते की गाय आता आटत आली आहे, कोठीच्या कोपऱ्याला ओल येते, अमकीचे पैसे द्यायचे राहिले आहेत. रडणे आणि सांगणे यांत तिला काही विसंगती वाटत नाही. माझी तक्रार आहे ती परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत होणाऱ्या निरोपसमारंभांविषयी. तिथे पहिला निरोप यथासांग पार पडतो, आणि दुसरा कोणी ठेवीतच नाही.

हा समारंभ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप सांगते. एखादे कुटुंब वीस वर्षांच्या वास्तव्यानंतर ‘कायमचे’ मायदेशी परत निघते. मंडळाच्या एखाद्या मासिक बैठकीला जोडून, भाड्याच्या सभागृहात, त्याला शाल आणि श्रीफळ दिले जाते. अध्यक्ष म्हणतात की तुमची उणीव भासेल. निघणारा म्हणतो की मंडळाने आमच्या मुलांवर संस्कार केले, मराठी जिवंत ठेवली, आता मातीची ओढ स्वस्थ बसू देत नाही. तेच भाषण मग थोडे लांबवून मंडळाच्या त्रैमासिकात पत्र म्हणून छापले जाते. अशी पंधरावीस पत्रे मी एकोणीस वर्षांत वाचली. नावे झाकली तर कोणते कोणाचे हे ओळखता येणार नाही. माणसे वेगळी, गावे वेगळी, परतण्याची कारणे तर एकमेकांशी न जुळणारी, आणि पत्र मात्र एकच, हे काही चांगले लक्षण नव्हे.

आमचे कुटुंब २००६ साली इंग्लंडला गेले आणि यंदा परत आले. माझे यजमान रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेचे अभियंते. मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवीत असे. परत आलो ते पुण्याला नव्हे, मुंबईलाही नव्हे, तर लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या काठच्या एका गावी, जिथे साडेचार एकर धानाची जमीन आणि एकट्या सासूबाई आहेत. आम्हालाही समारंभ झाला. शाल मिळाली, ती ऊबदार आहे. भाषण मी पाच मिनिटांचे केले, कारण तेवढाच वेळ होता. जे पाच मिनिटांत सांगता आले नाही ते इथे सांगत आहे.

प्रथम हे पाहू, की निरोपाचे हे पोकळ रूप आले कुठून. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. त्या काळी विलायतेत जाणारा मराठी माणूस बहुधा विद्यार्थी असे. बॅरिस्टरी किंवा डॉक्टरी पुरी करून तो बोटीने परत येई. परतणे हा नियम होता आणि राहणे हा अपवाद. अशा मंडळात जाणाऱ्याला कोणी हुतात्मा समजत नाही की पळपुटाही समजत नाही. पुढे काळ उलटला. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, तिकडे डॉक्टर आणि इंजिनियर वस्तीला गेले, गावोगाव मंडळे झाली, आणि १९८१ साली त्या सर्वांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. इंग्लंडातही तेच झाले. आता राहणे हा नियम झाला आणि परतणे हा अपवाद. जो परततो तो मागे राहणाऱ्यांच्या मनातल्या एका जुन्या प्रश्नावर बोट ठेवून जातो. प्रश्न अवघड, म्हणून समारंभ गोड. श्रीफळ देण्यामागे थोडासा हेतू असाही असतो, की तोंड बंद राहावे.

याच्या उलट आखाताकडे पाहा. कुवेत, दुबई, मस्कत इथल्या मराठी माणसाला नागरिकत्व मिळण्याची सोय जवळजवळ नाहीच. नोकरी आहे तोवर राहण्याचा परवाना. नोकरी संपली की परवाना संपला. तिथे प्रत्येक सभासद पहिल्या दिवसापासून जाणारा असतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांतल्या कोणाला शाल मिळाली नाही आणि कोणाला भाषण करायला सवड मिळाली नाही. असे दिवस पाहिलेल्या वस्तीत जाण्याला नाट्य उरत नाही, काम उरते. आमच्या नात्यातले एक गृहस्थ मस्कतहून परतले, त्यांनी शेवटचा महिना गणपतीच्या सामानाची यादी, शिल्लक रकमेचा हिशेब आणि नव्या लोकांसाठी शाळाप्रवेशाची माहिती लिहिण्यात घालवला. त्यांचे निरोपाचे पत्र म्हणजे ती यादी. मला विचाराल तर आम्हा विलायतवाल्यांच्या सगळ्या पत्रांपेक्षा ती यादी अधिक मराठी होती.

तेव्हा माझे म्हणणे असे की, निघणाऱ्या कुटुंबाने मागच्यांना काही सांगून जावे, आणि ते खरे सांगावे. निदान तीन गोष्टींविषयी तरी.

पहिली गोष्ट ‘कायमचे’ या शब्दाची. हा शब्द आपण समारंभात फार सढळ हाताने वापरतो. कायदा इतका सढळ नसतो. इंग्लंडात पाच वर्षे काम केल्यावर आम्हा दोघांना तिथे बेमुदत राहण्याची परवानगी मिळाली होती. भारताचा पासपोर्ट आम्ही सोडला नाही. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, म्हणून दोहोंतून एकच निवडावे लागते. या बेमुदत परवानगीला एक मुदत आहे, ती अशी की सलग दोन वर्षांपेक्षा अधिक काळ तुम्ही इंग्लंडबाहेर राहिलात तर ती आपोआप संपते. मग परत जायचे तर नव्याने अर्ज, नव्याने कारणे. म्हणजे आमच्यासारख्यांच्या बाबतीत ‘कायमचे’ हा शब्द विमानात बसल्याने खरा होत नाही. तो दोन वर्षांनी खरा होतो. जे कुटुंब शाल घेऊन जाते आणि परवानगी जिवंत राहावी म्हणून दीड वर्षाने एक फेरी मारून येते, त्याला मी दोष देत नाही. आजारपण, मुलांचे शिक्षण, पोटाची सोय, कारणे शंभर असतात. पण त्याने समारंभात ‘कायमचे’ म्हणू नये. ‘पाहून येतो’ म्हणावे. मागे राहिलेल्या एखाद्या जोडप्याने त्याच्याकडे पाहून आपले घर विकले तर? त्या जोडप्याला हा फरक कळायला हवा.

आणि ‘कायमचे’ हा शब्द आईबापांना फक्त स्वतःपुरता वापरता येतो, मुलांच्या वतीने वापरता येत नाही. हे कोणत्याही निरोपाच्या पत्रात मी वाचलेले नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. आमची थोरली मुलगी २०१३ साली जन्मली, धाकटा मुलगा २०२१ च्या नोव्हेंबरात. आम्हाला आधीच बेमुदत परवानगी असल्याने दोघेही जन्मतः ब्रिटिश नागरिक. भारतात राहण्यासाठी दोघांजवळ ओ.सी.आय. कार्ड आहे. या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ असा शब्द आहे, पण त्याने नागरिकत्व येत नाही. त्या कार्डावर भारतात हवे तितके दिवस राहता येते, शिकता येते, घर घेता येते. मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने ती मिळू शकते. म्हणजे आजोबांची साडेचार एकर बांधी उद्या नातवंडांच्या नावावर चढू शकेल. पण शेजारची अर्धा एकर विकायला निघाली तर ती त्यांना घेता येणार नाही. ज्या मातीची ओढ भाषणात सांगितली जाते, त्या मातीचा हा कायदा आहे.

याहून विचित्र गोष्ट शिक्षणाची. ४ मार्च २०२१ रोजी भारत सरकारने अधिसूचना काढून ठरवले की वैद्यकीय आणि तशाच इतर अखिल भारतीय प्रवेशपरीक्षांत ओ.सी.आय. मुलांना केवळ अनिवासी भारतीयांसाठी ठेवलेल्या जागांवर हक्क सांगता येईल. या जागा मोजक्या असतात आणि त्यांचे शुल्क इतर जागांच्या कितीतरी पट असते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की ही अट त्या तारखेनंतर परदेशात जन्मलेल्या मुलांनाच लागू होईल. आधीच्यांचे हक्क जसे होते तसे राहतील. आता आमच्या घरात पाहा. एकाच आईची दोन मुले, एकाच पंगतीला जेवणारी. उद्या दोघांनाही डॉक्टर व्हावेसे वाटले तर थोरलीला भंडाऱ्यातल्या कुठल्याही मुलीसारखी सर्वसाधारण जागा मागता येईल, आणि धाकट्याला परदेशातल्या श्रीमंताच्या मुलाच्या रांगेत उभे राहावे लागेल, जरी तो तोवर बारा-तेरा वर्षे लाखांदूर तालुक्यात वाढलेला असेल. त्याने भारताचे नागरिकत्व घ्यावे, असे कोणी म्हणेल. मार्ग आहे, पण ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याची घोषणा अठरा वर्षे पुरी होण्याआधी करता येत नाही, आणि प्रवेशपरीक्षेची घटकाही नेमकी त्याच वयाच्या उंबरठ्यावर येते. म्हणून ‘आम्ही कायमचे आलो’ असे मी म्हणते तेव्हा ते दोघांपुरते खरे आहे. उरलेले दोघे आपला निर्णय त्यांच्या अठराव्या वर्षी सांगतील. हे ज्याला आधी कळले तो मुलाच्या शिक्षणाची आखणी निराळी करील. हे सांगायला पाच मिनिटे पुरली असती. पण त्या पाच मिनिटांत ओढ सांगायची असते.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘मंडळाने मराठी जिवंत ठेवली’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असते. ते खोटे नाही. रविवारी सकाळी, उकिरड्यासारख्या पसरलेल्या मोटारींच्या मैदानापलीकडच्या एका शाळेत, पगाराशिवाय, थंडीपावसात मराठीचे वर्ग घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण प्रश्न असा, की कोणती मराठी?

आमच्या थोरलीने घरी आजीशी फोनवर बोलून जी भाषा उचलली तिच्यात ‘पाणी’ नाही, ‘पानी’ आहे. ‘डोळा’ नाही, ‘डोरा’ आहे. ही झाडीबोली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिची ही बोली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आपले आयुष्य तिच्या अभ्यासात घातले आहे. वर्गात मुलीने ‘पानी’ म्हटले की तिला थांबवून ‘पाणी’ म्हणायला लावीत. शिकवणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांचे म्हणणे इतकेच, की तुमच्याकडे हिंदीचा परिणाम फार. हे मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि त्याला उत्तर आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, १९६० साली महाराष्ट्रात आला, हे खरे. शेजारी बालाघाट आहे, घरात कुठे गोंडी, कुठे पोवारी बोलतात, हेही खरे. पण ळ चा र आणि ण चा न होणे ही या बोलीची आपली स्वतःची शिस्त आहे. हिंदीत ‘डोरा’ म्हणजे दोरा, डोळा नव्हे. जी शिस्त नेमाने पाळली जाते तिला चूक म्हणत नाहीत, व्याकरण म्हणतात.

पण उच्चारापेक्षा मोठे नुकसान शब्दांचे. मंडळाच्या वर्गातल्या पुस्तकात ‘भाताचे शेत’ असा एक धडा होता. मुलीने आजीला ते सांगितले तेव्हा आजी हसली. आमच्याकडे शेतात भात पिकत नाही. शेतात धान असते, गिरणीतून तांदूळ निघतो, आणि ताटात भात येतो. तीन अवस्था, तीन शब्द. ज्या गावांची सगळी वर्षे या पिकावर जातात तिथे इतका फरक करणे भागच असते. पुढे पाहा: बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा ती बांधी. तिच्यात चिखल करायचा तो चिखलणीने. मृगात एका कोपऱ्यात दाट पेरलेली रोपे ते पऱ्हे. तीनेक आठवड्यांनी ते उपटून बांधीत लावायचे ती रोवणी. दिवाळीच्या सुमाराला कापून आडवे पसरलेले पीक तो कडपा. तो वाळल्यावर रचलेली गंजी ते पुंजणे. आणि त्यातून दाणा मोकळा करणे ती चुरणी. अवकाळी पाऊस आला की कोणी विचारतो, ‘कडपा होता की पुंजणे?’ कडपा असेल तर दाणा भिजला आणि अंकुरणार. पुंजणे असेल तर वरचा थर गेला, आतले वाचले. एका शब्दात वर्षाचे नशीब कळते. हे शब्द थोरलीला वर्गात मिळाले नाहीत. तिथे तिला उकडीच्या मोदकाच्या पारीपासून कळ्यांपर्यंत सर्व शिकवले, आणि मोदक उत्तम असतो यात वाद नाही. पण मोदकाचे पीठ ज्याचे, त्या धानाला तिच्याजवळ एक शब्द नव्हता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. आठवड्याला दोन तासांचा वर्ग. मुले दहा गावची. प्रत्येकाची बोली शिकवायची कशी? प्रमाण मराठी शिकवली तर निदान सर्वांना एक भाषा मिळते. हे मला मान्य आहे. गणिताच्या शिक्षिकेला समान छेदाचे महत्त्व कोणी पटवून द्यायला नको. पण समान छेद काढताना अंश खोडून टाकायचे नसतात. वर्गात प्रमाण मराठी शिकवा. फक्त मूल ‘पानी’ म्हणाले तर ते चुकले असे म्हणू नका, ‘तुझ्या आजीकडे असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ एवढे म्हणा. याला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही. जे लागते ते इतकेच कबूल करणे, की महाराष्ट्र मुळामुठेच्या पुढे वैनगंगेपर्यंत पसरलेला आहे.

हीच गोष्ट रंगमंचाची. मंडळाच्या स्नेहसंमेलनात लावणी असते, कोळीगीत असते, नाट्यसंगीत असते. एकोणीस वर्षांत एकदाही दंडार झाली नाही. दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडारीचे फड उभे राहतात, आणि पुढे होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. बायामाणसे घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मंडळात ‘मराठी रंगभूमीचे भवितव्य’ या विषयावर एक परिसंवाद झाला तेव्हा मी झाडीपट्टीचे नाव काढले. एका गृहस्थांनी कौतुकाने विचारले, ‘अजून चालतं का ते?’ प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या परिसंवादात, शेकडो प्रयोग लागणाऱ्या रंगभूमीविषयी विचारलेला हा प्रश्न मी जपून ठेवला आहे.

तिसरी गोष्ट मंडळाची स्वतःची. इथे माझी तक्रार उलट दिशेने आहे. निघणारे लोक मंडळाचे आभार चुकीच्या गोष्टीसाठी मानतात. गणपती, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू यांचे आभार मानतात. अहो, गणपती भंडाऱ्यालाही बसतो, आणि अधिक चांगला बसतो. ज्या गोष्टी मंडळावाचून झाल्या नसत्या त्यांचे नाव कोणी घेत नाही. धाकटा जन्मला त्या आठवड्यात, साथीचे निर्बंध नुकते सैल झाले असताना, आमच्या दाराशी अकरा दिवस डबा येत होता. आणणाऱ्या तीन घरांपैकी एका घराची आणि आमची त्यापूर्वी नुसती तोंडओळख होती. २०२० साली माझे सासरे वारले तेव्हा विमाने बंद होती. यजमान दुसऱ्या खोलीत फोन कानाशी धरून तेरा दिवसांचे विधी ऐकत होते, आणि मंडळातले एक वृद्ध गृहस्थ रोज संध्याकाळी आमच्या अंगणाच्या फाटकाबाहेर, सहा फुटांवर, खुर्ची टाकून तासभर बसत. ते फारसे बोलत नसत. सांत्वनाचे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. ते बसत, आणि जात.

हे मंडळ आहे. याची नोंद कोणत्याही कार्यवृत्तात नाही, कारण त्याला पावती नसते. पण मागे राहिलेल्यांना आणि उद्या येणाऱ्या नव्या जोडप्याला हे कळले नाही, तर त्यांना मंडळ म्हणजे वर्षाला चार कार्यक्रम आणि तिकिटांची भांडणे असेच वाटत राहील, आणि ते म्हणतील की कार्यक्रम तर पडद्यावरही दिसतात, वर्गणी कशाला? मंडळे ओस पडतात ती याच वाटेने. जाणाऱ्याने ‘संस्कार’ हा मोघम शब्द सोडून अकरा डब्यांचा हिशेब सांगितला, तर मंडळ कशासाठी चालवायचे हे चालवणाऱ्यांनाही पुन्हा एकदा कळेल.

आता शेवटचा आक्षेप. लोक म्हणतील, निरोपाची वेळ ही गोड बोलण्याची वेळ. जाता जाता कटू कशाला बोलावे? आणि दुसरे म्हणतील, ही बाई भंडाऱ्याला किती दिवस टिकते ते पाहू. पुण्याला तरी जायचे होते. दुसऱ्यांना मी काही म्हणत नाही. दोन वर्षांची मुदत कायद्यानेच घातली आहे. त्यांनी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. पहिल्यांना मात्र सांगते की गोड बोलणे आणि खरे बोलणे यांची फारकत मराठी निरोपात कधी नव्हती. ती आपण सभागृहात केली. माहेराहून निघणारी बाई कोठीच्या कोपऱ्यातली ओल सांगते ती घराला नावे ठेवायची म्हणून नव्हे. ते घर तिला आपले वाटते म्हणून. परक्याच्या घरातून निघताना कोणी ओल दाखवीत नाही. ‘छान झाले जेवण’ म्हणतो आणि पायताण चढवतो. मंडळातून निघताना आपण नेमके तेच म्हणत असू, तर वीस वर्षांत ते घर आपले झालेच नाही असा त्याचा अर्थ होतो. आमच्या बाबतीत तो खोटा आहे.

म्हणून आमचा निरोप असा. मराठी वर्गाच्या कपाटाची किल्ली खजिनदारांकडे दिली आहे. खालच्या कप्प्यातली सत्तावीस पुस्तके दमट होत आहेत, ती हिवाळ्याआधी हलवावीत. मूल जन्माला येणार असेल तर त्याच्या कार्डाविषयी आणि २०२१ च्या अटीविषयी आधी माहिती करून घ्या, नंतर नव्हे. वर्गात कोणी ‘पानी’ म्हणाले तर त्याला पाणी द्या, दुरुस्ती नंतर करा. खुर्ची टाकून बसणाऱ्या आजोबांना गुडघेदुखीने जिने चढवत नाहीत. बैठक वरच्या मजल्यावर घेऊ नका. आणि ज्यांना यायचे असेल त्यांनी गणपतीत येऊ नये, तेव्हा तुम्हाला तिथे काम असते आणि इथे निंदणाचा चिखल असतो. दिवाळीनंतर या. नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, तिथून लाखांदूरची गाडी मिळते. त्या दिवसांत कडपे वाळत असतात, गावात मंडई भरलेली असते, आणि दंडार पाहायला घोंगडी आम्ही देऊ.